स्नेहसंमेलनाचं स्वागतगीत: शब्दांपासून माईकपर्यंत

डिसेंबर उजाडला की शाळेत गॅदरिंगची कामं वाटली जातात. नाच कुणी बसवायचा, नाटक कुणी, रांगोळी कुणी, हे ठरत जातं आणि शेवटी एक ओळ उरते: स्वागतगीत. ते नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं. ‘दोन-अडीच मिनिटांचं तर आहे’ असं सगळे म्हणतात. पण पाहुणे येऊन बसल्यावर कानावर पडणाऱ्या पहिल्या दोन-तीन गोष्टींत ते असतं, त्या वेळी सभागृह जागं असतं, आणि सूर गेला तर तो पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळतो.

हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी, संगीत शिक्षक नसलेल्यांसाठीसुद्धा, हा लेख आहे. पेटीवर साध्या सुरावटी वाजवता येणारी एक व्यक्ती आणि ठेका धरणारा एक तबलजी मिळाला तर पुढचं सगळं जमतं. इथे पाचवी ते सातवीच्या दहा मुलांचा गट धरला आहे. गाणं तयार ट्रॅकवरचं नाही, स्वतः लिहिलेलं आणि स्वतः चाल लावलेलं आहे. का, ते पुढे येईलच.

आधी हे गोळा करा

- कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा मसुदा
- सभागृहाचा किंवा मंडपाचा अंदाज: मंच किती रुंद, स्पीकर कुठे
- पेटी (ती शाळेचीच असेल तर आधी वाजवून बघा, एखादी पट्टी चिकटलेली असते)
- तबला आणि तबलजी, त्याच्या रिकाम्या वेळेसह
- फोनवर तानपुऱ्याचं आणि मेट्रोनोमचं ॲप
- दोन स्टँडचे माईक, शिवाय पेटीसाठी एक आणि तबल्यासाठी एक
- मागच्या रांगेसाठी एक लांब, न डगमगणारं बाकडं
- पालकांसाठी चिठ्ठी: सराव किती वाजता, त्या दिवशी किती वाजता यायचं, कपडे कोणते

१. आधी वेळ आणि जागा पक्की करा

सगळ्यात आधी मुख्याध्यापकांना आणि सूत्रसंचालन करणाऱ्यांना विचारा की स्वागतगीत नेमकं कधी आहे. बहुतेक शाळांत दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन, मग ईशस्तवन, मग स्वागतगीत, त्यानंतर पाहुण्यांचा सत्कार आणि प्रास्ताविक असा क्रम असतो. ईशस्तवन आणि स्वागतगीत हे दोन वेगळे प्रकार आहेत. पण वेळ वाचवायला एकच गाणं दोन्ही म्हणून चालवायची टूम दरवर्षी निघते. तसं ठरणार असेल तर ते आत्ताच ठरू दे, कारण शब्द त्यावर अवलंबून आहेत.

दुसरा प्रश्न विचारायचा तो सत्काराचा. गाणं चालू असतानाच गुच्छ आणि श्रीफळ द्यायचं, असं काही ठिकाणी ठरवतात. यात वेळ वाचतो खरा, पण फोटोग्राफर मंचाच्या मध्ये येऊन उभा राहतो, मुलं पाहुण्यांकडे बघत बसतात आणि टाळ्या गाण्याच्या मध्येच पडतात. टाळ्या पडल्या की लय गेलीच. सत्कार गाणं संपल्यावर व्हावा यासाठी जरूर भांडा. फार तर गाणं लहान करतो म्हणा.

लांबी अडीच मिनिटं पुरे. तीन अंतरे लिहू नका. दोन लिहा, आणि पाहुण्यांना यायला उशीर झाला तर दुसरा गाळता येईल असा ठेवा.

२. मुलं निवडा, पण गोड आवाजापेक्षा कान बघा

प्रत्येक मुलाला स्वतंत्र गाणं म्हणायला लावू नका. ‘आवडतं गाणं म्हण’ म्हटलं की धीट मुलंच पुढे येतात. पेटीवर चार सूर वाजवा, सा रे ग रे, आणि ‘आ’कारात परत म्हणायला सांगा. जे मूल तेच चार सूर परत आणतं ते घ्या, आवाज बारीक असला तरी चालेल. मोठ्या, खणखणीत आवाजाचं पण वरच्या सुराला हमखास घसरणारं एकच मूल गटात असलं तरी बाकीची नऊ त्याच्यामागे घसरतात.

आठवी-नववीतल्या मुलांचा आवाज फुटत असतो. आज लागलेला सूर उद्या लागेलच असं नाही. त्यांना नाराज न करता तबल्याच्या जोडीला टाळ किंवा खंजिरी द्या, ती ते उत्तम वाजवतात. दहा निवडा आणि दोन राखीव ठेवा, कारण जानेवारीत खोकला कुणाला सोडत नाही.

३. शब्द लिहा: मात्रा मोजून

तयार गाण्याचा कराओके ट्रॅक घेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. त्यात तीन अडचणी आहेत. ट्रॅकची पट्टी, म्हणजे त्यातला ‘सा’ ज्या उंचीवर धरलेला असतो ती, बहुधा मोठ्यांच्या गळ्याची असते. तो सुरू झाला की कुणासाठी थांबत नाही, म्हणजे मुलांची एक ओळ सुटली तर ती परत पकडता येत नाही. आणि शाळेत, विद्यार्थी-शिक्षक-पालकांपुढे गाणं सादर करायला कॉपीराइट कायद्यात सूट असली तरी तोच व्हिडिओ शाळेच्या यूट्यूबवर चढवला की आवाज बंद होण्यापर्यंत गोष्टी जातात. स्वतःचे शब्द आणि स्वतःची चाल असेल तर यातलं काहीच आड येत नाही.

लिहिताना एकच नियम पाळला तर अर्धं काम होतं: मात्रा मोजायच्या. ऱ्हस्व अक्षर म्हणजे एक मात्रा, दीर्घ म्हणजे दोन. अनुस्वार असलेलं अक्षर दोन, आणि जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर तेही दोन. आपण केरवा ताल घेणार आहोत. त्यात आठ मात्रा असतात. म्हणून ओळ आठ-आठच्या तुकड्यांत बसली पाहिजे, आणि महत्त्वाचं म्हणजे तुकडा जिथे संपतो तिथे शब्दही संपला पाहिजे.

तसं झालं नाही तर काय होतं ते बघा. ‘प्रमुख पाहुण्यांचे स्वागत करूया’ ही वाचायला अगदी बिनधोक ओळ आहे. मोजा: प्र-मु-ख तीन, पा दोन, हु एक, ण्यां दोन, झाल्या आठ. म्हणजे पुढच्या समेवर, पुढच्या तुकड्याच्या पहिल्या मात्रेवर, येतं नुसतं ‘चे’. मुलं गाणार ‘प्रमुख पाहुण्यां... चे स्वागत’. पुढचा तुकडा ‘करूया’च्या मधोमध तुटतो. चाल कितीही चांगली लावा, ही ओळ लंगडतच चालणार.

आता ही बघा:

आज अंगणी सडा शिंपला, दारी तोरण झेंडूचे
तुमच्यासाठी जमलो सारे, सूर जुळवले गाण्याचे

‘आज अंगणी’: दोन, एक, दोन, एक, दोन, आठ झाल्या. ‘सडा शिंपला’ आठ. ‘दारी तोरण’ आठ. ‘झेंडूचे’ सहा, आणि उरलेल्या दोन मात्रा श्वासाला. दुसरी ओळ तशीच मोजा, तंतोतंत बसते. शेवटच्या तुकड्यात दोन मात्रा मोकळ्या ठेवणं फार कामाचं आहे. मुलांना श्वास कुठे घ्यायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही, गाणंच त्यांना तिथे थांबवतं.

पहिला अंतरा वर्गाबद्दल:

दप्तर ठेवुन बाकांवरती, रंग मांडले चित्रांचे
वर्षभराचे काम पाहण्या, पाय लागले थोरांचे

‘ठेवून’ऐवजी ‘ठेवुन’ केलं आहे कारण एक मात्रा जास्त होत होती. गाण्यात एवढी सूट चालते. वहीत मात्र मुलांना ‘ठेवून’च लिहू द्या, नाहीतर मराठीच्या बाई तुम्हाला गाठतील.

दुसऱ्या अंतऱ्यात तुमच्या शाळेत डोळ्यांना दिसणारं काहीतरी आणा. पटांगणात चिंच असेल तर:

चिंचेखाली शाळा भरते, घोष चालती पाढ्यांचे
आज तिथे पण सूर उमटती, तबल्यासंगे पेटीचे

चिंच नसेल तर चिंच लिहू नका. वड, विहीर, जुनं कौलारू छप्पर, जे असेल ते. पाहुणे येताना तेच बघत आलेले असतात, आणि गाण्यात ते आलं की खुर्चीतली माणसं हसून एकमेकांकडे बघतात. ‘ज्ञानमंदिर’, ‘सरस्वतीचे सदन’ वगैरे शब्द सगळ्याच स्वागतगीतांत असतात, ते कानावरून निघून जातात.

इथला मोठा सापळा म्हणजे पाहुण्यांचं नाव. कुणीतरी वरून सांगतं की साहेबांचं नाव गाण्यात आलं पाहिजे. नाव मात्रांत बसत नाही, आणि बसवलं तर दोन दिवस आधी पाहुणे बदलतात. यावर तोड अशी: दोन अंतऱ्यांच्या मध्ये तबला हलका चालू ठेवायचा आणि सूत्रसंचालकांनी त्यावर पाहुण्यांची नावं आणि पदं बोलून घ्यायची, चार आवर्तनांत, म्हणजे आठ मात्रांचा ठेका चार वेळा फिरेपर्यंत. ठेक्यावर बोललेलं नाव कानाला छान लागतं आणि पाहुणे बदलले तरी गाण्याला हात लावावा लागत नाही. वरच्या शब्दांत ‘थोरांचे’ आहे तेही याच कारणानं. पाहुणे एक असोत, चार असोत, बाई असोत की बुवा, शब्द बदलत नाही.

४. चाल लावा: भूपाचे पाच सूर

नव्या माणसानं भूपातच चाल बांधावी असं माझं ठाम मत आहे. सा रे ग प ध, बास. सगळे शुद्ध. मध्यम नाही, निषाद नाही, म्हणजे मुलांना निसरडे वाटणारे अर्ध्या सुराचे टप्पेच नाहीत. यमन गोड आहे, पण त्यातला तीव्र मध्यम दहा मुलांकडून एकसारखा काढून घेणं हे वेगळं काम आहे.

वरच्या ध्रुवपदाची, म्हणजे ‘आज अंगणी’च्या दोन ओळींची, चाल अशी. एका मात्रेला एक घर, ‘–’ म्हणजे आधीचाच सूर लांबवायचा, ‘सां’ म्हणजे वरचा सा.

आ ऽ ज अं । ऽ ग णी ऽ
ग – ग प । – ग रे –

स डा ऽ शिं । ऽ प ला ऽ
सा रे – ग । – रे सा –

दा ऽ री ऽ । तो ऽ र ण
सा – रे – । ग – प प

झें ऽ डू ऽ । चे ऽ ऽ ऽ
ध – प – । ग – – –

तु म च्या ऽ । सा ऽ ठी ऽ
ग प ध – । सां – ध –

ज म लो ऽ । सा ऽ रे ऽ
ध सां ध – । प – ग –

सू ऽ र जु । ळ व ले ऽ
सा – रे ग । प ग रे –

गा ऽ ण्या ऽ । चे ऽ ऽ ऽ
ग – रे – । सा – – –

पहिली ओळ गंधारावर, म्हणजे ‘ग’वर, थांबते. ऐकणाऱ्याला वाटतं अजून काहीतरी यायचंय. दुसरी वर जाऊन, वरच्या ‘सा’ला स्पर्श करून, खाली घरी येते. पाहुण्यांना उद्देशून असलेला ‘तुमच्यासाठी’ हा शब्द सगळ्यात उंच सुरावर आहे, तो मुद्दाम तिथे ठेवला आहे. तुम्ही वेगळे शब्द लिहिलेत तर तुमच्या गाण्यातला महत्त्वाचा शब्द कोणता ते आधी ठरवा आणि उंच जागा त्याला द्या. नाहीतर ‘आणि’ किंवा ‘हो’सारखा शब्द उगाच कळसावर जाऊन बसतो.

अंतऱ्याला नवी चाल शोधत बसू नका. अंतऱ्याची पहिली ओळ ध्रुवपदाच्या दुसऱ्या ओळीच्या चालीवर म्हणा, आणि दुसरी ओळ पहिलीच्या चालीवर. अंतरा वरच्या अंगानं सुरू होतो, गंधारावर येऊन थांबतो, आणि ध्रुवपद गंधारावरूनच उठतं, त्यामुळे सांधा दिसत नाही. अक्षरं थोडी इकडेतिकडे होतील. उदाहरणार्थ ‘दप्तर’ला ‘ग – ध ध’ असं घ्यावं लागेल. तेवढं पेटीवर बसलं की आपोआप सुचतं.

ठेका केरव्याचा: धा गे ना ति । न क धि न. वेग मेट्रोनोमवर मिनिटाला १६० ठोके, एका ठोक्याला एक मात्रा. ध्रुवपद आठ आवर्तनांचं म्हणजे ६४ मात्रांचं आहे, ते २४ सेकंदांत होतं. सुरुवातीला पेटी-तबल्याची चार आवर्तनं (१२ सेकंद), मग ध्रुवपद दोनदा, अंतरा, ध्रुवपद, मध्ये नावांची चार आवर्तनं, दुसरा अंतरा आणि शेवटी ध्रुवपद एकदा: सगळं मिळून दोन मिनिटं ४८ सेकंद. नावं नकोत तर १२ सेकंद कमी. घड्याळ लावून मोजा, कारण मुलं मंचावर हमखास वेग वाढवतात.

५. पट्टी: इथेच बहुतेक गाणी फसतात

चाल तीच, मुलं तीच, पण पट्टी चुकली की गाणं एकतर पुटपुटल्यासारखं होतं नाहीतर किंचाळल्यासारखं. आणि पट्टी चुकते ती शिकवणारा स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो म्हणून.

बाई शिकवत असतील तर त्या ‘सा’साठी बहुधा पेटीवरची काळी चार किंवा काळी पाच धरतात. त्या पट्टीत मुलांचा खालचा ‘सा’ ऐकूच येत नाही, नुसती हवा निघते. वरच्या चालीत ‘शिंपला’ आणि ‘गाण्याचे’ दोन्ही खालच्या ‘सा’वर संपतात, म्हणजे पहिल्या ओळीचा मध्य आणि दुसऱ्या ओळीचा शेवट गायब. सर शिकवत असतील तर त्यांची काळी एक असते आणि मुलं त्याच्या एक सप्तक वर गातात. ते बरंचसं जमून जातं, पण पेटीवाल्याला कुठल्या सप्तकात वाजवायचं ते सांगितलं नाही तर तो सरांच्याच सप्तकात वाजवतो आणि मुलांना आधार मिळत नाही.

पट्टी अशी ठरवा. गाण्याचा सगळ्यात खालचा सूर कोणता, वरचा कोणता, ते लिहून काढा. आपल्या चालीत खाली सा, वर सां, म्हणजे बरोबर एक सप्तक. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक धरा आणि मुलांकडून फक्त दोन तुकडे म्हणून घ्या: ‘गाण्याचे’ आणि ‘तुमच्यासाठी’. ‘गाण्याचे’चा शेवटचा ‘चे’ खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत नसेल तर पट्टी वर न्या, काळी एक, मग पांढरी दोन. ‘तुमच्यासाठी’ला मुलांच्या हनुवट्या वर होत असतील, मानेच्या शिरा दिसत असतील किंवा भुवया चढत असतील तर पट्टी खाली आणा. कानापेक्षा हे डोळ्यांना आधी कळतं. पाचवी ते सातवीच्या गटाला पांढरी एक ते पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी हे गाणं बसतंच.

सकाळी पहिल्या तासाला पट्टी ठरवू नका. तेव्हा आवाज जड असतो. गॅदरिंग संध्याकाळी असेल तर संध्याकाळीच बघा.

पट्टी ठरली की त्याच दिवशी तबलजीला फोन करा. हे लोक विसरतात आणि मग ऐन वेळी पंचाईत होते. तबला त्या पट्टीच्या ‘सा’ला मिळवायचा असतो, आणि काळी चारसाठी आणलेला मोठ्या तोंडाचा तबला ठोकून ठोकून पांढऱ्या दोनला चढत नाही. चढवायला गेलं तर पुडी फाटते. आधी सांगितलं तर तो बारीक तोंडाचा तबला घेऊन येतो.

आणखी एक गोष्ट पेटीबद्दल. जुन्या पेटीचे सूर फोनमधल्या तानपुऱ्याशी तंतोतंत जुळतीलच असं नाही. दोन्ही एकदम लावून ऐका. आवाजात लाटा उठल्यासारखं, ‘वाँव-वाँव’ असं ऐकू आलं तर जुळत नाही. बऱ्याच ॲपमध्ये तानपुरा बारीक बारीक वर-खाली करता येतो, तो पेटीला मिळवा. नाही जमलं तर मंचावर तानपुरा लावूच नका, एकटी पेटी पुरते.

६. सराव: आधी बोलून, मग गाऊन

तीन आठवडे, रोज पंचवीस मिनिटं. यापेक्षा जास्त वेळ घेतला तर मुलांचा आवाज दमतो आणि गणिताचे सर दारात येऊन उभे राहतात.

पहिल्या आठवड्यात चाल नको. शब्द ठेक्यावर बोलून घ्या. डाव्या हातानं टाळी समेला, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या अक्षरावर: आज अंगणी, सडा शिंपला, दारी तोरण, झेंडूचे. यातच उच्चार पक्के होतात. ‘शिंपला’चं ‘सिंपला’, ‘गाण्याचे’चं ‘गान्याचे’, ‘जुळवले’चं ‘जुलवले’, हे आत्ताच ऐकू येतं. एकदा चालीत बसलं की सुधारणं कठीण. कुणा एकाला सगळ्यांसमोर उभं करून सुधारू नका. तोच तुकडा सगळ्या गटाकडून पाच वेळा म्हणून घ्या, ज्याचं चुकतंय तो ऐकून सुधारतो.

दुसऱ्या आठवड्यात चाल, दोन-दोन तुकडे. तुम्ही म्हणा, मग त्यांनी. तुम्ही म्हणत असताना त्यांना गाऊ देऊ नका. बरोबर गात राहिली तर ती तुमच्या आवाजाला लोंबकळतात आणि मंचावर तुम्ही नसता. रोज शेवटी एकदा पेटी बंद करून म्हणायला लावा आणि संपल्याबरोबर पेटीवर ‘सा’ वाजवा. मुलांचा ‘सा’ आणि पेटीचा ‘सा’ एकच निघाला तर गाणं बसलं. खाली आला असेल, आणि सुरुवातीला तो येतोच, तर गळती कुठे होते ते शोधा. या चालीत ती बहुधा ‘जमलो सारे’ला होते. वरच्या ‘सा’वरून धैवत, पंचम, गंधार असं उतरताना मुलं प्रत्येक पायरी जरा जास्तच खाली ठेवतात. तेवढाच तुकडा उलटा, ग प ध सां असा चढत म्हणून घ्या, मग सरळ. दोन-तीन दिवसांत फरक पडतो.

लांबवलेला ‘चे’ सगळ्यांनी एकाच वेळी सोडायला हवा. बोटांची चिमूट मिटून खूण करा: पाचव्या मात्रेला सुरू, सातव्याला बंद, सातवी-आठवी श्वास. दहा मुलं दहा वेळी थांबली तर ओळीचं टोक विस्कटलेलं ऐकू येतं, आणि एरवी सुरेल गाणाऱ्या गटाची छाप तिथेच जाते.

तिसऱ्या आठवड्यात तबला, उभं राहून, ठरलेल्या जागी. तबला पहिल्यांदा आला की मुलं पळतात. वेग मेट्रोनोमवर १४० ठेवून सुरुवात करा आणि मग १६० वर न्या. शेवटचे दोन दिवस तुम्ही खोलीच्या मागच्या भिंतीशी उभे राहा आणि हातवारे बंद करा. तिथून खूण फक्त दोनच वेळा द्यायची, सुरुवातीला आणि शेवटाला.

७. माईक आणि उभं राहणं

दहा मुलं, दोन रांगा, पाच-पाच. उंच मुलं मागे बाकड्यावर. रांग सरळ नको, किंचित कमानीसारखी, म्हणजे टोकाच्या मुलांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो. पेटी आणि तबला गटाच्या एकाच बाजूला, शक्य तितकं जवळ. पेटी पलीकडच्या विंगेत ठेवली तर मुलं तिचा आवाज सभागृहातल्या स्पीकरमधून, म्हणजे घुमून परत आलेला, ऐकतात आणि मागे पडतात.

मुलांच्या हातात माईक देऊ नका. ज्याच्या हातात माईक त्याचाच आवाज ऐकू येतो आणि बाकीची नऊ शोभेची होतात. स्टँडचे दोन माईक मुलांच्या पुढे साधारण दोन फुटांवर, पुढच्या रांगेच्या डोक्याच्या जरा वर, तोंड किंचित मागच्या रांगेकडे. दोन माईकमध्ये सहा फूट अंतर ठेवा. मुलांपासून जेवढं अंतर त्याच्या तिप्पट, हा साउंडवाल्यांचा जुना हिशेब आहे. यापेक्षा जवळ ठेवले तर एकच आवाज दोन माईकमध्ये थोडा मागेपुढे शिरतो आणि ऐकायला पोकळ लागतो.

स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून हवेत. मुलांच्या मागे किंवा बाजूला स्पीकर असेल तर शिट्टी वाजणारच, आवाज कमी करत बसण्यापेक्षा स्पीकर हलवायला सांगा. साउंडवाला ‘हॅलो, चेक, चेक’ करून निघून जातो. त्याला थांबवा आणि मुलांकडून ध्रुवपद म्हणून घ्या. पेटीचा माईक बहुतेक वेळा जास्त उघडलेला असतो. शेवटच्या खुर्चीवर बसून ऐका, शब्द कळत नसतील तर आधी तबल्याचा आणि मग पेटीचा आवाज उतरवायला सांगा, मुलांचा वाढवायला नको.

कार्यक्रम मैदानात मंडपात असेल तर एक वेगळी अडचण येते. भिंती नसतात, आवाज परत येत नाही, मुलांना वाटतं आपलं कुणाला ऐकूच जात नाही आणि ती ओरडू लागतात. त्यांना एकदा तरी त्या मैदानात, माईकवर गायला लावलंच पाहिजे. जमल्यास मुलांकडे तोंड केलेला एक छोटा स्पीकर मागून घ्या, त्यात फक्त पेटी द्यायची.

८. त्या दिवशी

मुलांना तासभर आधी बोलवा, पोटभर जेवून नाही, पण उपाशीही नाही. पोहे-उपमा चालेल. वडापाव आणि थंड पेय गाण्यानंतर. गळा तयार करायला फार काही लागत नाही. ठरलेल्या पट्टीत सा-रे-ग-प-ध-सां चढून उतरायचं, पाच मिनिटं, हलक्या आवाजात. पूर्ण गाणं एकदाच.

पाहुणे उशिरा येतात, हे धरूनच चाला. मुलांना मंचावर आधीपासून उभं करू नका. अर्धा तास उभं राहिलेलं मूल गाताना बसक्या आवाजात गातं, आणि एखादं चक्कर येऊन खाली बसतं. विंगेत सतरंजी टाकून बसवा आणि दीपप्रज्वलन सुरू झालं की उभं करा. सूत्रसंचालकांना सांगून ठेवा की मुलं जागेवर पोचल्याशिवाय ‘आता ऐकू या स्वागतगीत’ म्हणायचं नाही. त्यांनी घोषणा केली आणि मंच रिकामा असला की मुलं धावत येतात आणि पहिली ओळ धापा टाकत जाते.

मुलं उभी राहिली की पेटीनं ‘सा’ धरायचा आणि मुलांनी तो मनातल्या मनात घ्यायचा. मग चार आवर्तनं तबला-पेटी. चौथ्या आवर्तनाच्या पाचव्या मात्रेला, म्हणजे तालातल्या ‘खाली’च्या जागी, तुम्ही श्वासाची खूण करा. दहाही जणांनी एकदम श्वास घेतला तर ‘आज’ एकदम येतं. तुम्ही उभं राहायची जागा पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या मागे, मुलांना दिसेल अशी. पाहुण्यांच्या समोर नाही.

मध्येच वीज गेली तर काय, हे मुलांना आधी सांगून ठेवा: गात राहायचं. पेटी-तबल्याला वीज लागत नाही. साउंड गेलं म्हणून थांबलेली मुलं पुन्हा सुरू करताना वेगवेगळ्या ओळी पकडतात.

शेवटचा ‘चे’ संपल्यावर मुलांनी मनात आठ मोजायचे, नमस्कार करायचा आणि पेटीच्या विरुद्ध बाजूनं, पुढच्या रांगेपासून, खाली उतरायचं. मागच्या रांगेनं बाकडं सोडायच्या आधी पुढची रांग गेलेली हवी. माईकचे स्टँड आणि बाकडं कुणी उचलायचं ते दोन शिपाईमामांना किंवा नववीच्या मुलांना नेमून द्या, कारण पुढच्याच मिनिटाला त्या जागेवर सत्काराचं टेबल येणार असतं.